लाइट आहे ना, मग हा ओरडतो कशाला?

मंडळी, मागचे दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण मी नागपुरात होतो. ऐन मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, पुण्याहून नागपूरला स्वतःहून जाणारा माणूस एकतर लग्नाला जातो, नाहीतर वेडा असतो. मी तिसराच. मी एका इन्व्हर्टरच्या ओरडण्यामुळे गेलो होतो.

तर झालं असं. रोज संध्याकाळी बाबांचा फोन. "अरे, तो इन्व्हर्टर पुन्हा सुरू झाला." म्हणजे काय, तर साडेसात वाजले की घरातला इन्व्हर्टर 'टक्' असा आवाज करून बॅटरीवर जातो, बीप-बीप करतो, पाच-दहा सेकंदांनी पुन्हा 'टक्' करून लाइनवर येतो, मिनिटभर गप्प बसतो, आणि परत तेच. साडेदहा-अकरापर्यंत हा तमाशा. गंमत म्हणजे त्या पूर्ण वेळात घरात लाइट असते. फ्रिज चालू, दोन्ही कूलर चालू, स्वयंपाकघरातला एलईडी लखलखीत. आईचं म्हणणं साधं होतं: "लाइट आहे ना, मग हा ओरडतो कशाला?"

आजचा लेख या एका प्रश्नावर आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी भांडायला बसलोय. भांडण इन्व्हर्टरशी नाही. भांडण आहे "त्याचं तोंड बंद करा" या आपल्या राष्ट्रीय उपायाशी.

आमच्याकडे दोन तज्ज्ञ येऊन गेले होते. पहिले आले सकाळी अकराला. त्यांनी इन्व्हर्टर पाहिला, प्लग काढून लावला, तो शहाण्यासारखा गप्प बसला. निदान: "काका, बॅटरी गेली तुमची. बदलून टाका." म्हणजे चौदा-पंधरा हजार. दुसरे आले दुपारी. त्यांनी इन्व्हर्टरच्या मागचं छोटं बटन 'यूपीएस' वरून 'नॉर्मल' वर सरकवलं, दोनशे रुपये घेतले आणि म्हणाले, "आता नाही ओरडत. हे तं होतच राह्यते उन्हाळ्यात." आणि खरंच, त्या संध्याकाळी इन्व्हर्टर ओरडला नाही. बाबा खूश. मी मात्र फोनवर हे ऐकून तिकीट काढलं.

का, ते आपल्या लोकांना एका तुकड्यात सांगता येईल. त्या दुसऱ्या गृहस्थांनी जे केलं ते हे:

```java
try {
    checkMains();
} catch (LowVoltageException e) {
    // काही नाही, उन्हाळा आहे
}
```

असा कोड रिव्ह्यूला आला तर आपण लिहिणाऱ्याला सोलून काढतो. घरात तोच कोड कोणी टाकून गेलं की दोनशे रुपये देतो, वर चहा पाजतो.

आता मुळापासून बघू. ते बटन नक्की काय करतं? घरगुती इन्व्हर्टर लाइन असताना काही 'बनवत' नसतो. तो बाहेरून आलेली वीज तशीच पुढे पंख्यांना देतो, बाजूला बॅटरी चार्ज करतो, आणि एक डोळा सतत व्होल्टेजवर ठेवतो. लाइन त्याच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेली की रिले पडतो आणि बॅटरीवरून पुरवठा सुरू होतो. बटन यूपीएस वर असेल तर हा पट्टा अरुंद असतो, साधारण 180 ते 260 व्होल्ट. नॉर्मल वर तो रुंद होतो, खाली शंभर-सव्वाशेपर्यंत आणि वर 280-290 पर्यंत. आकडे मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात, तुमच्या पुस्तिकेत बघा. अरुंद पट्टा डेस्कटॉप कॉम्प्युटरसाठी आहे, कारण त्याला कमी व्होल्टेज आणि बदलाबदलीतला उशीर दोन्ही चालत नाही. पंखे आणि दिव्यांना दोन्ही चालतं.

म्हणजे इन्व्हर्टर जेव्हा लाइट असताना बॅटरीवर जातो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो म्हणत असतो, "लाइट आहे, पण 180 सुद्धा नाही." बटन सरकवल्याने व्होल्टेज वाढत नाही. फक्त तक्रार करायची हद्द खाली सरकते.

मग घरात कोणालाच कसं कळत नाही? पूर्वी कळायचं. माझ्या लहानपणी संध्याकाळी पिवळा बल्ब मिणमिणायला लागला की आजी म्हणायची, "व्होल्टेज डाउन झालं." साध्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. 230 ऐवजी 182 व्होल्ट मिळाले तर उजेड निम्म्याच्याही खाली जातो. म्हणजे प्रत्येक खोलीत फुकटचा व्होल्टमीटर टांगलेला होता. आता बल्ब गेले. एलईडीच्या आतलं सर्किट कमी व्होल्टेजवरही उजेड तोच ठेवतं, मोबाइलचा चार्जर आणि लॅपटॉपचा अडॅप्टर शंभर व्होल्टपासून चालतात, पंखा थोडा हळू फिरतो पण मे महिन्यात पंख्याची हवा गरमच लागते, तेव्हा कोण मोजतो? घरात व्होल्टेज मोजून मोठ्याने सांगणारा एकच प्राणी उरलाय, आणि तो म्हणजे हा इन्व्हर्टर. त्यालाच आपण गप्प करतो.

असो. आता प्रत्यक्ष तपास.

शनिवारी संध्याकाळी मी आधी ते बटन परत यूपीएस वर केलं. साडेसातला तमाशा सुरू. मल्टिमीटर होताच (कॉलेजातला नव्हे, 600 व्होल्टचं सुरक्षा रेटिंग असलेला बरा, दीडशे रुपयांचा पिवळा डबा मेन्समध्ये घालू नका). इन्व्हर्टर लाइनवर असताना त्याच्याच बोर्डातल्या शेजारच्या सॉकेटला मोजलं: 182 व्होल्ट. म्हणजे इन्व्हर्टर बरोबर होता, 180 च्या अगदी काठावर बसलेला. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. तेवढ्या झटक्याने आकडा 180 च्या खाली जायचा आणि 'टक्'.

पण परत का यायचा? आणि मिनिटभरात पुन्हा का जायचा? याचं उत्तर फार सुंदर आहे. इन्व्हर्टर बॅटरीवर गेला की घरातले पंखे, दिवे, टीव्ही आणि स्वतःचा चार्जर, एवढा सगळा भार तो लाइनवरून उचलतो. आमच्याकडे घराचा एकूण करंट तेव्हा सुमारे 7 अँपिअर होता, त्यातले साडेतीन इन्व्हर्टरच्या वाटचे. ते गेले की त्याच सॉकेटवर मीटर 190-191 दाखवायचं. परत यायची हद्द 190 ची. "अरे वा, लाइन सुधारली," म्हणून हा परत यायचा, साडेतीन अँपिअर पुन्हा लाइनवर टाकायचा, व्होल्टेज परत 182. पुढचा झटका, पुन्हा 'टक्'. म्हणजे लाइन खराब करण्यात तो स्वतःच सामील होता आणि त्याला पत्ता नव्हता. फीडबॅक लूप हो, दुसरं काय.

इथेच त्या बॅटरीवाल्या निदानाचाही निकाल लागतो. रोज संध्याकाळी अशी तीन-साडेतीन तास ये-जा झाली की बॅटरी अर्धीमुर्धी रिकामी होते. मग अकराला खरंच लाइट गेली की इन्व्हर्टर अर्ध्या तासात मान टाकतो. घरचे म्हणतात, बॅटरी गेली. नवीन बॅटरी आणली असती तर तिचीही संध्याकाळ तशीच गेली असती. शिवाय रोजच्या या खोल उतरण्याने चांगली बॅटरीही लवकर संपते. कारण आणि परिणाम उलटे लावून पंधरा हजार घालवायचा हा राजमार्ग आहे.

पण खरा प्रश्न पुढचा. 182 का? वीज कंपनीच कमी देते की घरात कुठे गळतंय? आपल्याकडे यावर फार चर्चा होत नाही. दोष कंपनीचाच असणार हे गृहीत धरून लोक झोपतात. इथून कोराडीच्या चिमण्या दिसतात, वीज आमच्या दाराशी तयार होते आणि आम्हालाच मिळत नाही, हे ठरलेलं भाषण बाबांनी मलाही दिलं. पण भाषण हे मोजमाप नव्हे.

सुदैवाने आमचं घर जुनं, स्वतंत्र. मीटर फाटकाजवळ, आणि मीटरच्या लगेच खाली पाण्याच्या मोटरचा पॉइंट. तिथून वीस-एक मीटर वायर आत जाते आणि हॉलमधल्या मेन बोर्डावर पोचते. म्हणजे मला वायरीच्या दोन्ही टोकांना मोजता येत होतं, काहीही न उघडता. मोटर बंद ठेवून त्या पॉइंटला मोजलं: 198. लगेच आत धावत येऊन सॉकेटला: 182. दोन-तीनदा खात्री केली. मग आईला सांगून दोन्ही कूलर बंद केले. आतला आकडा चांगलाच वर आला, फाटकाजवळचा जेमतेम एका व्होल्टने हलला.

या चार आकड्यांत सगळी केस आहे. बाहेरून 198 येतायत, ते कमी आहेतच. पण फाटक ते हॉल या वीस मीटरात आणखी 16 व्होल्ट कोणीतरी खातंय. आणि घरातला भार कमी केला की ते कमी खातंय. म्हणजे त्या वाटेत कुठेतरी विरोध आहे, जो नसायला हवा.

हे सकाळी अकराला का दिसलं नाही, तेही उघड आहे. सकाळी फाटकाजवळ 225 मिळतात. घरातला भार पूर्ण असता आणि सोळाच्या सोळा खाल्ले गेले असते तरी आत 209 उरले असते. इन्व्हर्टर मजेत. बाहेरचा दोष आणि घरातला दोष, एकेकटे असताना दोघेही 180 पर्यंत पोचत नाहीत. संध्याकाळी दोघांची भेट होते. प्रॉडक्शनमधला बग दिवसा ऑफिसात रिप्रोड्यूस होत नाही म्हणून तो नाहीच असं म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तोच हा.

आता सोळा व्होल्ट कुठल्या तारेत? फेजच्या की न्यूट्रलच्या? यासाठी तिसरी पिन कामाला येते. घराचं अर्थिंग ठीक असेल तर (हे 'तर' महत्त्वाचं आहे) अर्थ हा तुमचा तटस्थ पंच असतो. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ: 194. न्यूट्रल आणि अर्थ: 12. निरोगी घरात न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट दिसतात. बारा म्हणजे न्यूट्रलवर काहीतरी गडबड आहे. हिशेब जुळतो बघा: बाहेरच्या 198 पैकी फेजच्या तारेत 4 गेले, न्यूट्रलच्या वाटेत 12, उरले 182. दोन्ही तारा एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या, एकाच वयाच्या. एकीत चार आणि दुसरीत बारा असं का? तार तेवढंच खाते. उरलेले आठ-नऊ व्होल्ट एखाद्या सांध्यात जात होते.

इथे मी मल्टिमीटर खाली ठेवला. मंडळी, यापुढचं काम आपलं नाही. मी इंजिनिअर असलो तरी परवानाधारक वायरमन नाही, आणि बहुतेक बोर्डांत एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शिवाय एक गोष्ट भले भले विसरतात. मेन स्विच बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीत मागून 230 व्होल्ट सोडतो. "मेन बंद आहे" म्हणून बोर्डात हात घालणाऱ्याला शॉक बसतो तो असा. आधी इन्व्हर्टर त्याच्या बटनाने बंद, मग त्याचा प्लग बाहेर, मग मेन बंद, मग टेस्टरने खात्री.

रविवारी सकाळी ओळखीचे एक जुने वायरमन काका आले. त्यांनी झाकण उघडलं आणि काही न बोलता मला बोलावलं. न्यूट्रल लिंकच्या, म्हणजे ज्या पितळी पट्टीवर सगळे न्यूट्रल एकत्र येतात तिच्या, पहिल्याच स्क्रूखाली फाटकाकडून आलेली अॅल्युमिनियमची तार होती. तारेवरचं प्लास्टिक बोटभर काळं होऊन कडक झालेलं, पट्टी निळी-करडी, मागच्या लाकडी फळीवर तपकिरी डाग. स्क्रू बोटाने फिरला.

नऊ व्होल्ट गुणिले 7 अँपिअर. 63 वॅट. साठचा जुना बल्ब आठवतोय? हात लावला की चटका बसायचा. तेवढी उष्णता रोज संध्याकाळी तीन तास, वाटाण्याएवढ्या जागेत, कोरड्या लाकडी फळीला टेकून, बंद झाकणामागे. बोर्डाखाली चपलांचं लाकडी कपाट आणि त्यावर रद्दी. बाहेर तापमान 45. आणि दोनशे रुपयांत आम्ही याचा भोंगा बंद करून घेतला होता.

"पण मग एमसीबी का नाही पडली?" बाबांनी विचारलं, आणि हा अगदी बरोबर प्रश्न आहे. एमसीबी करंट बघते. करंट होता 7 अँपिअर, एमसीबी 32 ची. तिच्या दृष्टीने सगळं आलबेल. आरसीसीबी बघते की गेलेला करंट पूर्ण परत येतोय की कुठे जमिनीत गळतोय. तोही पूर्ण परत येत होता, फक्त एका तापलेल्या स्क्रूमधून. म्हणजे सैल सांधा ही अशी आग आहे जी घरातल्या दोन्ही पहारेकऱ्यांना दिसत नाही. तिची खूण एकच, भार आला की व्होल्टेज पडणं. आणि ते बघणारा घरात कोण, हे वर सांगितलंच आहे.

असं का होतं? अॅल्युमिनियम मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड सैल होते. त्याच्यावर हवेत चटकन ऑक्साइडचा थर येतो, आणि तो वीज नेत नाही. सैल झालं की तापतं, तापलं की फुगतं, थंड झालं की अजून सैल. दर संध्याकाळी एक फेरी. म्हणून हा दोष कधी आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो.

काकांनी जळका भाग कापला, नवीन लिंक बसवली. संध्याकाळी मोजलं, फाटकाजवळ तेच 198, आत 191. नऊ व्होल्ट एका स्क्रूने परत दिले. इन्व्हर्टर यूपीएस वर असूनही गप्प. पुढच्या आठवड्यात ती अॅल्युमिनियमची वायर काढून 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची टाकली, आता त्या वीस मीटरात 7 अँपिअरला एक व्होल्टही जात नाही. वायर आणि मजुरी मिळून खर्च नव्या बॅटरीपेक्षा कमीच आला. बॅटरी जुनीच आहे, आणि खरी लाइट गेली तेव्हा अडीच तास चालली.

आता कंपनीचा हिशेब. तो मी माफ केलेला नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच लिहिलेलं होतं की घरगुती पुरवठ्यात ठरलेल्या व्होल्टेजपासून 6 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. 230 धरले तर 216 ते 244. आमच्या फाटकाजवळ 198, तेही मीटरपाशी, घरातल्या वायरिंगचा काही संबंध नसताना. पण बघा, आता मी हे वाक्य ठामपणे म्हणू शकतो, कारण माझ्या घरातला दोष मी वेगळा काढलाय. बाबांनी सात दिवस साडेसात ते साडेदहा दर अर्ध्या तासाने मोटरच्या पॉइंटला लावलेल्या छोट्या प्लग-व्होल्टमीटरचा आकडा डायरीत लिहिला (असा मीटर तीनेकशे रुपयांत मिळतो) आणि तो कागद अर्जाला जोडला. "व्होल्टेज कमी आहे" या तक्रारीला "तुमचं वायरिंग तपासा" हे तयार उत्तर असतं. मीटरपाशी मोजलेल्या आकड्यांना ते देता येत नाही. लाइनमन आला, त्याने खांबावर बघितलं आणि आमची जोडणी कमी भाराच्या फेजवर नेली. आता संध्याकाळी 208. अजून आठ व्होल्ट बाकी आहेत, डायरी चालू आहे.

तुमच्याकडेही इन्व्हर्टर असा ओरडत असेल, तर त्याच्याकडे नुसतं बघूनही बरंच कळतं. तो ठरावीक वेळी जातो-येतो का? मग व्होल्टेज काठावर आहे, बाहेर की आत ते वरच्यासारखं मोजा. तो एकदा बॅटरीवर गेला आणि परत येतच नाही, आणि शेजारच्या सॉकेटला 220 आहेत? मग लाइन त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. मागचं छोटं ट्रिपचं बटन बाहेर आलंय का, फ्यूज गेलाय का, प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का ते बघा. तिथे सगळं ठीक असेल तर आतला रिले, म्हणजे सर्व्हिस सेंटर. फक्त सोसायटीचा जनरेटर चालू झाला की ओरडतो? मग बहुधा जनरेटरची फ्रिक्वेन्सी 50 पासून भटकतेय. ग्रिडवर ती सहसा भटकत नाही.

आणि एक प्रकार असा आहे की त्यात मोजत बसायचंच नाही. इन्व्हर्टर बॅटरीवर गेलाय, आणि घरातले काही दिवे अचानक जास्त प्रखर, पंखा भन्नाट, तर दुसऱ्या खोलीत सगळं मलूल. याचा अर्थ बाहेरचा किंवा थ्री-फेज घरातला मुख्य न्यूट्रल तुटलाय, आणि एखाद्या फेजवर 300 च्या वर व्होल्टेज चढू शकतं. तेव्हा इन्व्हर्टर वरच्या हद्दीमुळे लाइन सोडतो आणि त्याच्यावरची उपकरणं वाचवतो. उरलेली तुम्ही वाचवायची. सरळ मेन बंद करा आणि मग फोन लावा.

आता न्यायाने बोलायचं तर ते बटन पाप नाही. आमच्याकडे डेस्कटॉप नाही, बाबा टीव्ही बघतात, माझ्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. तेव्हा काम झाल्यावर मीच ते परत नॉर्मल वर सरकवलं असतं तर काही बिघडलं नसतं, पंख्या-दिव्यांना तीच जागा योग्य. माझं भांडण बटनाशी नाही, क्रमाशी आहे. आधी मोजा, दोष काढा, मग हवं तर हद्द सैल करा. न मोजता सरकवलेलं बटन म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात कोंबलेला बोळा.

मी मात्र ते यूपीएस वरच ठेवून आलोय. बाबांना म्हटलं, "हा ओरडला की चिडू नका, डायरी उघडा." ते म्हणाले, "अरे, पण झोपमोड होते ना." होऊ द्या म्हटलं. त्या फळीवरचा तपकिरी डाग मी मुद्दाम पुसू दिलेला नाही. झोपमोड कशाला म्हणायचं, ते तो डाग बघून ठरवा.

असो, बराच मोठा लेख झाला. आज संध्याकाळी कूलर चालू असताना एकदा सॉकेटला मीटर लावून बघा, आणि आकडा मला जरूर कळवा.